पहिल्या वेदनाशामक गोळीबरोबरच पोटाचे औषध



आजचा विषय चारचौघांत बोलण्याचा नाही, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल. परंतु परिचारिका म्हणून जन्मभर काम केल्यावर मला असे दिसून आले आहे की, जे चारचौघांत बोलले जात नाही तेच घरी गेल्यावर रुग्णाला छळते. मी बोलणार आहे ते शस्त्रक्रियेनंतर किंवा कर्करोगात दिल्या जाणाऱ्या तीव्र वेदनाशामकांमुळे होणाऱ्या बद्धकोष्ठतेविषयी. कोडीन, ट्रॅमाडॉल, ऑक्सिकोडोन, मॉर्फिन आणि कातडीवर चिकटवण्याची फेंटानिलची पट्टी ही सारी अफूच्या वर्गातील औषधे होत.

माझ्या थोरल्या बहिणीच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली, एका वर्षाच्या अंतराने. पहिल्या वेळी ती तिसऱ्या दिवशी घरी आली. हातात ऑक्सिकोडोनच्या गोळ्या होत्या; पोटासाठी मात्र कागदावर काहीच लिहिलेले नव्हते. मी रोज दूरध्वनी करून ताप, जखम, वेदना यांची चौकशी करीत असे. शौचाची चौकशी मी केली नाही, आणि ही चूक माझी आहे. पाचव्या दिवशी तीच म्हणाली, “अगं, चार घास खाते मी. पोटात अन्नच नाही, तर बाहेर काय येणार?” ते मला पटल्यासारखे झाले. वास्तविक मळ केवळ अन्नाचा नसतो. आतड्यातील जंतू, झडलेल्या पेशी आणि स्राव यांचाही तो बनतो. न खाणाऱ्या माणसालाही शौचास व्हावयास हवे.

तिने भारतातून आणलेले इसबगोल अर्ध्या पेल्या पाण्यातून घेतले. पोट अधिकच फुगले. गोळ्यांमुळेच हे होते आहे हे तिच्या ध्यानात आले, म्हणून तिने कोणाला न सांगता त्या बंद केल्या. मग वेदनेमुळे गुडघ्याचा व्यायाम थांबला. आठव्या दिवशी भाच्याचा दूरध्वनी आला, “मावशी, आईला जुलाब लागलेत. जुलाब थांबवायची गोळी दिली आहे.” मी धावत गेले. पोट ताठ झालेले, मळमळ होत होती, आणि पातळ मळ तिच्या नकळत थोडा थोडा झिरपत होता. ते जुलाब नव्हते. रुग्णालयात डॉक्टरांनी बोटाने तपासले, तेव्हा गुदाशयात कठीण मळाचा बोळा अडकलेला आढळला; त्याच्या कडेने वरचा पातळ मळ वाट काढीत होता. जुलाब थांबवणाऱ्या गोळीने तो बोळा अधिकच घट्ट झाला असता. एनिमा देऊन आणि हाताने मळ काढून तिला मोकळे करावयास दोन दिवस लागले. तिचा तो गुडघा आजही दुसऱ्याइतका वाकत नाही.

असे का होते? वेदनेच्या वाटेवर ज्या ठिकाणी हे औषध बसते, तशीच ठिकाणे आतड्याच्या भिंतीतही असतात. तेथे ते बसले की मळाला पुढे ढकलणाऱ्या लाटा मंदावतात, आतड्यात पाणी कमी झिरपते आणि असलेले पाणी अधिक शोषले जाते, गुदद्वाराचा स्नायू आवळतो आणि शौचाची संवेदनाही बोथट होते. या औषधांनी येणारी गुंगी व मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते, कारण शरीराला त्यांची सवय होते. आतड्याला मात्र ती सवय होत नाही. गोळी चालू आहे तोवर हा परिणाम चालूच राहतो. म्हणून “दोन दिवस वाट पाहू” हे धोरण येथे चुकते.

इसबगोल का उपयोगी पडले नाही, हेही यावरून कळेल. ते मळाचा आकार वाढवते आणि मग आतड्याने तो ढकलावा, अशी अपेक्षा असते. येथे ढकलणारी शक्तीच झोपलेली असते. त्यात पाणी कमी पडले तर तोच लगदा अडून बसतो. येथे हवे असते ते आतड्याला जागे करणारे औषध, जसे सेन्ना, म्हणजे आपली सोनामुखी. किंवा मळात पाणी धरून ठेवणारे औषध, जसे मॅक्रोगोलची पूड अथवा लॅक्ट्युलोज. पुष्कळदा दोन्ही मिळून द्यावी लागतात.

दुसऱ्या गुडघ्याच्या वेळी आम्ही शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांशी बोललो. त्यांच्या सांगण्याप्रमाणे पहिल्या ऑक्सिकोडोनच्या दिवशीच रात्री सेन्नाच्या दोन गोळ्या सुरू झाल्या. त्यांचा परिणाम सहा ते बारा तासांनी, म्हणजे सकाळी होतो. सकाळी 17 ग्रॅम मॅक्रोगोल पेलाभर पाण्यात विरघळवून. न्याहारीनंतर आतडे स्वभावतःच हलते, म्हणून त्या वेळी तिला बसवीत असू, घाई न करता. भाच्याने एका वहीत रोज दोनच गोष्टी लिहिल्या: शौचास झाले का, आणि कुंथावे लागले का. तिसऱ्या दिवशी मऊ शौच झाले. पाचव्या दिवशी दोनदा पातळ झाले, तेव्हा आम्ही एक रात्र सेन्ना वगळली. वेदनेची गोळी वगळली नाही. दहाव्या दिवशी ऑक्सिकोडोन थांबले, त्यानंतर काही दिवसांनी पोटाचे औषधही.

कर्करोगात ही औषधे महिनोन्‌महिने चालतात, तेव्हा पोटाचे औषधही तितकेच चालवावे लागते, आणि वेदनाशामकाची मात्रा वाढली की त्याचाही पुनर्विचार करावा लागतो. पट्टी लावली म्हणून पोट सुटले असे समजू नये. रेचके नीट घेऊनही भागत नसेल, तर अफूचा परिणाम केवळ आतड्यातच रोखणारी औषधे आहेत. ती डॉक्टरच ठरवतील. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी कमी झाल्या असतील, तर विचारल्याविना एनिमा किंवा गुदद्वारातून द्यावयाची वडी देऊ नये, कारण लहानशा जखमेतूनही संसर्ग रक्तात शिरू शकतो. आणि ज्यांच्या आतड्यावरच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी सर्जनला विचारल्याखेरीज कोणतेही रेचक घेऊ नये.

तीन दिवस शौचास झाले नाही, तर कुपात होलीमच्या परिचारिकेला कळवावे. परंतु उलट्या, फुगलेले दुखरे पोट आणि वायूही न सरणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर आतडे बंद झाले असण्याचा संभव असतो. अशा वेळी रेचकाचा आणखी एक डोस देणे धोक्याचे. थेट रुग्णालय गाठावे.

आपल्या वडीलधाऱ्यांना हा शब्द मुलासमोर उच्चारण्याचा संकोच वाटतो, आणि हिब्रूत तर तो आठवतही नाही. तो शब्द आहे ‘अत्सिरूत’. रुग्णालयातून निघताना औषधांचा कागद हातात येईल, तेव्हा त्यावर वेदनेची गोळी आहे आणि पोटाचे औषध नाही असे दिसले, तर तो शब्द उच्चारावा आणि विचारावे, “याच्यासाठी काय द्याल?” माझ्या बहिणीच्या पहिल्या गुडघ्याच्या वेळी हा एक प्रश्न कोणी विचारला नाही. मीही नाही.