आगीतला माल आणि सरासरी कलम

लखनौच्या चौकातलं चिकनकारीचं एक दुकान कल्पनेत घेऊ. आगीच्या दिवशी माल किती होता ते आधी काढायचं. वर्षारंभीचा माल ४ लाख, खरेदी ११ लाख, विक्री १५ लाख. ढोबळ नफा विक्रीवर २० टक्के, म्हणजे ३ लाख. विकलेल्या मालाची किंमत १२ लाख, म्हणून शिल्लक माल ३ लाखांचा. हे २० टक्के खरेदी किमतीवर धरले तर उत्तर तिथेच बिघडतं.

६० हजारांचा माल वाचला, म्हणजे नुकसान २ लाख ४० हजार. पॉलिसी मात्र २ लाखांचीच. पुष्कळ जण इथे २ लाख लिहून मोकळे होतात. पण सरासरी कलम सांगतं, एक तृतीयांश मालाचा विमाच नव्हता, तेवढं नुकसान दुकानदाराचं.

```
2,40,000 × 2,00,000 ÷ 3,00,000 = 1,60,000
```

छेदात आगीच्या दिवशीचा पूर्ण माल येतो. वाचलेला माल फक्त नुकसानातून वजा होतो. मी पेपर तपासताना तो छेदातूनही वजा केलेला हमखास दिसतो, आणि मग उत्तर पुन्हा २ लाखच येतं. विमा ३ लाखांचा असता तर हे कलम लागलंच नसतं.