विडीने कफ सुटतो?
(नाशिकच्या गोदाघाटावरील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आपल्या जिल्ह्यात सिन्नर हे विड्या वळण्याचं जुनं गाव. घरोघरी बायांनी टेंभुर्णीच्या पानात तंबाखू भरून संसार चालवले. त्यामुळे विडी ओढणाऱ्यांचं एक वाक्य माझ्या चांगल्या परिचयाचं आहे: ‘डॉक्टर, सकाळी विडी ओढली की कफ सुटतो, छाती मोकळी होते.’ आजचं व्याख्यान या एका वाक्यावर.

इथे बसल्या बसल्या आपण धूळ आत घेतो. मोठे कण नाकातच अडकतात. त्याहून बारीक कण आत जातात आणि श्वासनलिकेला जिथे फाटे फुटतात तिथे हवा वळते, पण कण सरळ जाऊन भिंतीवर आदळतो. भिंतीवर चिकट श्लेष्म्याचा पातळ थर असतो, त्यात तो अडकतो. या थराखाली पातळ द्रव असतो आणि त्यात सिलिया, म्हणजे केसांसारखे सूक्ष्म तंतू, उभे असतात. एकेका पेशीवर सुमारे दोनशे. लांबी साधारण ६ ते ७ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दीडशेव्या भागाइतकी.

सिलिया सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात. पुढे जाताना ताठ होऊन टोकाने श्लेष्मा ढकलतात, मागे येताना वाकून खालच्या द्रवातून सरकतात. म्हणून थर एकाच दिशेने, घशाकडे चढतो. मॉलमधल्या सरकत्या जिन्यासारखा. मुख्य श्वासनलिकेत वेग मिनिटाला साधारण ५ मिलिमीटर धरू. ही नळी सुमारे १२ सेंटिमीटर लांब. म्हणजे तळाशी पडलेला कण घशात यायला सुमारे २४ मिनिटं लागतात. खोलवरच्या बारीक नळ्यांत वेग बराच कमी, तिथून यायला काही तास जातात. घशात आलेलं आपण नकळत गिळतो. निरोगी माणसाला याचा पत्ताही लागत नाही. अगदी सूक्ष्म कण मात्र वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथे सिलिया नाहीत, तिथली सफाई भक्षक पेशींकडे.

आता धूर आत येतो. त्यातले अ‍ॅक्रोलिन, फॉर्माल्डिहाइड, हायड्रोजन सायनाइड हे वायू सिलियांची हालचाल मंदावतात. रोजचं धूम्रपान त्यांची लांबी कमी करतं, संख्याही घटवतं. श्लेष्मा बनवणाऱ्या चषकपेशी मात्र वाढतात. पेशींतून पाणी बाहेर सोडण्याची व्यवस्थाही बिघडते, म्हणून श्लेष्मा दाट होतो. माल वाढला, तोही जड झाला आणि ढकलणारे हात कमी झाले. पुढे काही ठिकाणी सिलियावाल्या पेशींच्या जागी सपाट पेशी येतात; तिथे ढकलणारं कोणीच उरत नाही. विडीचं पान सहज विझतं, म्हणून झुरके जास्त आणि जोरात घ्यावे लागतात. पानाची आहे म्हणून ती सौम्य, असं समजू नका.

मग साचलेलं बाहेर कसं येणार? उरतो खोकला. रात्रभर तुंबलेला कफ सकाळी असतोच. त्यावर धूर चिडचिड करतो, माणूस जोरात खोकतो आणि बेडका पडतो. विडीने साफ केलं असं वाटतं. खरं तर विडीनेच तुंबवलेलं खोकल्याने बाहेर काढलं. खोकल्याचा जोर मोठ्या नळ्यांत चालतो. बारीक नळ्यांत त्याचा उपयोग फारसा होत नाही, आणि कफ तिथेच साचतो.

हा बिघाड ओळखण्याची एक साधी चाचणी आहे. नाकात आतल्या बाजूला सॅकरिनचा कण ठेवतात आणि घशात गोड चव कधी लागते ते पाहतात. बहुतेकांना दहा-पंधरा मिनिटांत लागते. वीस मिनिटांहून जास्त वेळ गेला तर सफाई मंदावली असं धरतात, आणि धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हा वेळ वाढलेला आढळतो. पण चाचणी नाकाची आहे. सर्दी असली तरी ती चुकते, आणि फुप्फुसातून हवा किती आणि किती वेगाने बाहेर पडते हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी स्पायरोमेट्री लागते.

विडी सोडल्यावर काहींचा खोकला सुरुवातीचे काही आठवडे वाढतो. तेव्हाच माणूस म्हणतो, ‘सोडल्यानेच त्रास झाला’, आणि पुन्हा पेटवतो. सिलिया सावरू लागल्या की कफ वर यायला लागतो. हा त्रास बहुतेकांचा पुढे ओसरतो. मात्र वायुकोश मोडले असतील तर ते परत येत नाहीत.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ‘हा विडीचाच खोकला’ म्हणून क्षयरोग आणि कर्करोग दोन्ही झाकले जातात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला टिकला, त्याची जुनी तऱ्हा बदलली, कफात रक्त दिसलं किंवा वजन उतरू लागलं, तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्या आणि छातीचा एक्स-रे काढा.