घडी घालून वाचायचा तक्ता

टिटवाळ्याहून कल्याणला शिकवणीला जाणारी मुलं लोकलमध्ये उभ्या-उभ्या उजळणी करतात. एका हातात कडी, दुसऱ्या हातात कागद. त्या कागदावर ठिपके देऊन उतरवलेल्या व्याख्या असतात आणि इथेच घोटाळा होतो. शब्द आणि अर्थ एकाच ओळीत दिसतात, त्यामुळे डोळा वाचत जातो, पण आपल्याला किती आठवतं ते कळत नाही. दोन रकान्यांचा तक्ता हवा तो अर्थ झाकता यावा म्हणून.

दहावीच्या विज्ञानातला ‘उष्णता’ हा पाठ घ्या. वर्डमध्ये यादी अशी असते:

- पुनर्हिमायन: दाबामुळे बर्फ अंशत: वितळणे व दाब काढताच पुन्हा गोठणे
- दवबिंदू तापमान: ज्या तापमानाला हवा बाष्पाने संपृक्त होते ते

आधी ठिपके काढा. मग यादी निवडून `Insert > Table > Convert Text to Table` उघडा आणि विभाजक म्हणून `:` द्या. `Number of columns` पुढे 2 दिसायला हवेत, पण दिसतात 3. याला कारण ‘अंशत:’. आपण विसर्गाच्या जागी सर्रास अपूर्णविराम टंकतो आणि संगणक तिथेही ओळ तोडतो. म्हणून आधी `Ctrl+F` करून `:` शोधा. नोंदी बारा आणि चिन्हं चौदा सापडली, तर दोन उपरी आहेत. ती खऱ्या विसर्गाने बदला, मग उरलेल्या प्रत्येक `:` च्या जागी `^t`, म्हणजे टॅब, घाला आणि विभाजक म्हणून `Tabs` निवडा. एखादी व्याख्या दोन परिच्छेदांत असेल तर तिचा दुसरा भाग नव्या ओळीत, तोही डाव्या रकान्यात जातो. तेव्हा तो आधीच जोडून घ्या.

यानंतरचं काम हाताचं आहे आणि ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. ‘अप्रकट उष्मा’ या एका नोंदीत मुलं वितळण आणि बाष्पन दोन्ही कोंबतात. त्यांच्या दोन ओळी करा: बर्फ वितळताना ग्रॅममागे 80 कॅलरी, पाण्याची वाफ होताना 540. नाहीतर ऐन पेपरात आकडे एकमेकांच्या जागी जातात. उजव्या रकान्यात ‘सापेक्ष आर्द्रता म्हणजे…’ अशी सुरुवातही नको, कारण उलटी उजळणी करताना, म्हणजे अर्थ वाचून शब्द ओळखताना, उत्तर समोरच असतं.

ए-फोर कागदावर दोन्ही बाजूंना 2 सेंटीमीटर समास सोडून डावा रकाना 5 सेंटीमीटरचा आणि उजवा 12 चा ठेवा. मधल्या रेघेवर घडी घातली की अर्थ मागे जातो. ओळ पानाच्या तळाशी दुभंगू नये म्हणून `Allow row to break across pages` ची खूण काढून टाका.

पाण्याचं असंगत आचरण मात्र या चौकटीत पुरतं मावत नाही. 0 ते 4 अंश सेल्सिअसमध्ये पाणी तापवलं की आकुंचन पावतं, एवढं उजवीकडे लिहा. त्याचा आलेख वहीतच काढावा लागतो.