दहा आठवडे आणि त्रेपन्न गुण



प्रिलिमचा निकाल हातात आला की घराघरांत नवं वेळापत्रक भिंतीवर लागतं. सहा विषय, सगळ्यांना सारखा वेळ. दिसायला हे न्यायाचं वाटतं, पण गुण कुठे कमी पडतात याचा त्यात विचारच नसतो.

उर्दू माध्यमातली दहावीची एक मुलगी समजा. तिला ७५ टक्के हवेत. बोर्ड टक्केवारी काढताना सर्वोत्तम पाच विषय धरतं, म्हणजे ५०० पैकी ३७५. प्रिलिमचे लेखी गुण आणि शाळेचे अंतर्गत गुण मिळून तिची आजची स्थिती अशी : उर्दू ८२, समाजशास्त्र ६६, इंग्रजी ६१, मराठी ५८, विज्ञान ५५, गणित ४९. गणित सोडून बेरीज ३२२. कमी पडतात ५३.

हे ५३ कुठून आणायचे? उर्दूत दोनच वाढतील. ८२ वरून वर जाणं महाग पडतं. मराठीत १०, इंग्रजीत ९, समाजशास्त्रात १४, विज्ञानात १८. परीक्षेला दहा आठवडे आहेत. शेवटचा आठवडा उजळणीला ठेवला, तर नऊ आठवडे उरतात. आठवड्याला सहा दिवस धरले की ५४ दिवस. म्हणजे साधारण एका गुणाला एक दिवस. विज्ञानाला १८ दिवस, उर्दूला फक्त दोन. आवडता विषय म्हणून रोज उर्दू घेऊन बसण्याचा मोह इथे आवरावा लागतो.

विज्ञानाचे १८ दिवसही सरसकट वाटायचे नाहीत. तिच्या ५५ मध्ये १७ अंतर्गत आहेत, ते आता फारसे हलत नाहीत. लेखी ३८ : पहिल्या भागात ४० पैकी १५, दुसऱ्यात २३. दोन्हीकडे २८ गाठायचे, तर पहिल्या भागाला १३ दिवस आणि दुसऱ्याला पाच.

गणित पाचांत नाही, म्हणून ते बंद करू नका. त्यात पास व्हायचंच आहे, आणि पुढे विज्ञान शाखा किंवा डिप्लोमा घ्यायचा असेल तर ते गुण लागतील. तेव्हा रोज अर्धा तास, मुख्य विषयाशिवाय वेगळा.

एका गुणाला एक दिवस हा अंदाज आहे. म्हणून तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी घड्याळ लावून, दोन तासांत विज्ञानाची एक ४० गुणांची प्रश्नपत्रिका सोडवा आणि दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. पहिल्या भागाला सात दिवस देऊन १५ चे २१-२२ झाले असतील, तर आराखडा चालू द्या. १७ वरच अडले असेल, तर आधी उत्तरपत्रिका पाहा. उदाहरणं अर्धवट सुटली असतील, तर सराव वाढवा. प्रश्नच कोरे राहिले असतील, तर धडाच समजलेला नाही. तो कुणाकडून तरी समजून घ्या. तरीही हलत नसेल, तर विज्ञानाचे चार-पाच गुण समाजशास्त्राकडे वळवा, आणि तेवढेच दिवसही.

पालकांना एवढंच सांगायचंय, लग्नकार्यात किंवा पाहुण्यांत मुलीचा एक दिवस गेला, तर या हिशेबात एक गुण जातो. तो दिवस कोणत्या विषयाचा होता, ते कागदावर लिहून ठेवा आणि तेवढाच वेळ तिला परत द्या.