एक हळद, चार करार: इंडेम्निटी, गॅरंटी, बेलमेंट आणि प्लेज

परीक्षेत "फरक स्पष्ट करा" म्हणून हमखास येणारे चार करार आज घेऊया. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये इंडेम्निटी आणि गॅरंटी कलम १२४ पासून सुरू होतात, बेलमेंट आणि प्लेज कलम १४८ पासून. व्याख्या तुमच्या पुस्तकात आहेतच. आपण काय करू, हिंगोली जिल्ह्यातली वसमतची हळद घेऊ आणि तिच्या मागे मागे जाऊ. उदाहरण आणि त्यातला भाव माझ्या मनाचा आहे, कायदा मात्र खरा.

समजा, काकांकडे २० क्विंटल हळद आहे. भाव क्विंटलला १२ हजार धरू, म्हणजे माल झाला २ लाख ४० हजारांचा. काकांना वाटतंय भाव वाढेल, म्हणून ते पोती गोदामात ठेवतात, भाडं ठरवतात आणि पावती घेतात. हे झालं बेलमेंट, मराठीत निक्षेप. हळद काकांचीच राहिली, फक्त ताबा गोदामाकडे गेला, आणि काम झालं की तीच हळद परत मिळणार.

"तीच" हा शब्द पक्का धरा. काकांनी हळद व्यापाऱ्याला दिली, त्यानं ती दुसऱ्या मालात मिसळून विकली आणि "पैसे नंतरच्या भावानं देतो" असं ठरलं, तर ते बेलमेंट नाही. तिथं काका मालाचे मालक उरले नाहीत, फक्त पैशांचे येणेकरी झाले. व्यापारी बुडाला तर "माझी पोती द्या" म्हणायला पोतीच शिल्लक नाहीत.

आता गोदामाचं छप्पर गळालं आणि हळद भिजली. भरपाई मिळेल का? कलम १५१ सांगतं की साधारण शहाणा माणूस स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेईल, तेवढी गोदामवाल्यानं घेतली पाहिजे. फुटका पत्रा माहीत असून बदलला नाही, तर तो जबाबदार. सगळी काळजी घेऊनही माल गेला, तर कलम १५२ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, तो जबाबदार नाही.

दोन महिन्यांनी काकांना पैशांची नड लागते. हळद विकायची नाही, म्हणून ते ती तारण ठेवून कर्ज काढतात. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे, तिच्यात हळदही बसते. बँकाही गोदामाच्या पावतीवर कर्ज देतात. आपण बँक धरू. किमतीच्या ७५ टक्के म्हणजे १ लाख ८० हजार मिळाले. पोती जागची हलली नाहीत, पण पावती बँकेकडे गेली आणि गोदामवाल्यानं मान्य केलं की आता हा माल मी बँकेसाठी धरून आहे. कायद्याच्या नजरेत ताबा बँकेला मिळाला. हेच प्लेज. कलम १७२ ची व्याख्या एका ओळीत अशी: कर्जाची किंवा वचनाची सुरक्षा म्हणून केलेलं बेलमेंट. म्हणून प्रत्येक प्लेज हे बेलमेंट असतं, पण प्रत्येक बेलमेंट प्लेज नसतं.

मग फरक दिसतो कुठं? माल विकण्यात. हळद पॉलिश करायला दिली आणि मजुरी दिली नाही, तर पॉलिशवाला कलम १७० खाली हळद अडवून धरू शकतो, पण त्या कलमानं त्याला ती विकता येत नाही. प्लेजमध्ये कर्ज थकलं तर कलम १७६ खाली बँक दावा लावून माल तारण म्हणून ठेवू शकते, किंवा काकांना वाजवी नोटीस देऊन तो विकू शकते. विक्रीतून जास्त आले तर वरची रक्कम काकांची, कमी पडले तर उरलेलं देणं काकांच्या डोक्यावर. नोटीस न देता परस्पर विकायचा अधिकार बँकेला नाही.

आता मामांना आणू. बँक म्हणाली जामीनदार हवा, मामांनी सही केली. ही गॅरंटी, म्हणजे हमी. इथं माणसं तीन: धनको बँक, ऋणको काका, जामीनदार मामा. पुष्कळांना वाटतं, बँक आधी काकांकडून वसूल करेल आणि जमलं नाही तरच मामांकडे येईल. तसं नाही. कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं नसेल तर, मामांची जबाबदारी काकांइतकीच. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या १९६९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की धनकोनं आधी ऋणकोविरुद्धचे सगळे उपाय संपवावेत अशी अट जामीनदाराला घालता येत नाही.

पण मामा अगदीच उघड्यावर नाहीत. कलम १४१ प्रमाणे, हमी देताना बँकेकडे असलेल्या तारणाचा फायदा मामांनाही आहे. समजा बँकेनं मामांना न विचारता काकांना ८ क्विंटल हळद सोडून दिली. तिची किंमत ९६ हजार. पुढे काका थकले आणि बँकेनं मामांकडे १ लाख ८० हजार मागितले. मामा ९६ हजारांपुरते मोकळे होतात. व्याज बाजूला ठेवलं तर उरतात ८४ हजार. बँकेच्या निष्काळजीपणानं तारण माल नाहीसा झाला तरी हाच नियम. स्टेट बँक ऑफ सौराष्ट्र विरुद्ध चित्तरंजन रंगनाथ राजा या १९८० च्या निकालात हेच ठरलं. मात्र छापील हमीपत्रात "हे हक्क मी सोडतो" असं कलम असू शकतं. जामीन राहण्याआधी ते पान शोधून वाचा.

राहिली इंडेम्निटी, म्हणजे क्षतिपूर्ती. समजा कर्ज घेण्याआधीच काकांकडून गोदामाची पावती हरवली. दुसरी प्रत देताना गोदामवाला लिहून घेतो: "उद्या कुणी मूळ पावती घेऊन आला आणि माझं नुकसान झालं, तर ते तुम्ही भरून द्यायचं." इथं माणसं दोनच. आधीचं कुणाचं कर्ज नाही, फक्त उद्या नुकसान होईल अशी शक्यता. गॅरंटीत देणं दुसऱ्याचं असतं, इंडेम्निटीत जबाबदारी पहिल्यापासून स्वतःची. म्हणून पैसे भरल्यावर मामा कलम १४५ खाली काकांकडून वसूल करू शकतात, पण इंडेम्निटी देणाऱ्याला त्या कलमाचा आधार नाही.

गोदामवाल्यानं आधी खिशातून पैसे भरायचे आणि मगच मागायचे का? गजानन मोरेश्वर परेलकर विरुद्ध मोरेश्वर मदन मंत्री या १९४२ च्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे असाच प्रश्न होता. प्रतिवादीचं म्हणणं, वादीचं अजून नुकसानच झालेलं नाही, दावा घाईचा आहे. न्यायमूर्ती छागलांनी ते मानलं नाही. देणं पक्कं अंगावर आलं असेल, तर ते फेडायची सोय करून द्या असं आधीच मागता येतं.

उत्तरपत्रिकेत गोष्टीरूप प्रश्न आला की आधी माणसं मोजा, मग देणं कुणाचं ते बघा, मग माल कुणाच्या ताब्यात आहे आणि कशासाठी, ते लिहा. एक प्रश्न तुमच्यासाठी सोडतो: बँकेनं काकांना नोटीस न देता सगळी हळद पडत्या भावात विकली आणि ४० हजार कमी पडले. आता मामांनी काय म्हणावं? कलम १४१ आणि १७६ शेजारी ठेवून उत्तर कमेंटमध्ये लिहा.