नितळ पाणी आणि परीक्षकांचे आभार

(शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या समारोपाला महासंघाच्या वतीने केलेलं आभाराचं भाषण. ज्या ताईंना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



महासंघाने मला आभार मानायला सांगितलंय. आभाराच्या भाषणात आपण नावांची यादी वाचतो, टाळ्या होतात आणि चहा येतो. आज मी यादी वाचणार नाही. एकाच प्रकल्पाबद्दल बोलणार आहे, कारण परीक्षकांनी नेमकं काय केलं ते त्यातून नीट कळतं. तो प्रकल्प म्हणजे आठवीच्या तीन मुलींनी केलेली माठाची गाळणी.

बहुतेकींनी ती पाहिलीच आहे. एकावर एक तीन माठ ठेवलेत. वरच्या माठात धुतलेली वाळू आणि खडी, मधल्या माठात चुलीतल्या कोळशाचे तुकडे, आणि खालच्या माठात पाणी साठतं. मुलींनी मळ्यातल्या विहिरीचं गढूळ पाणी वरून ओतलं आणि खालून काचेच्या ग्लासात नितळ पाणी काढून दाखवलं. तक्त्यावर लिहिलं होतं, ‘घरच्या घरी शुद्ध पाणी’. गुरुवारी सकाळी सगळ्यात जास्त गर्दी याच टेबलासमोर होती. आपल्या एका गटाने तर तिथेच ठरवलं, की असे पंचवीस संच करून विकायचे आणि त्यासाठी कर्जाचा ठराव सोमवारच्या बैठकीत मांडायचा.

दुपारी परीक्षक आले. पहिलं आभार मी निवृत्त विज्ञान शिक्षिका बाईंचं मानते. त्यांनी ग्लास उजेडात धरला, मुलींचं कौतुक केलं आणि एकच प्रश्न विचारला, “शुद्ध म्हणजे काय ते तुम्ही कसं तपासलंत?” मुली म्हणाल्या, “बाई, पाणी स्वच्छ दिसतंय ना.” बाई म्हणाल्या, “दिसतंय. पण जुलाब ज्याने होतात ते दिसतं का?”

मुली गप्प झाल्या. खरं सांगायचं तर टेबलाभोवतीच्या आपल्या बायकाही गप्प झाल्या. बाईंनी समजावून सांगितलं. वाळूचा कण साधारण अर्धा मिलिमीटर धरा. विष्ठेतून पाण्यात जाणारे जिवाणू एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, फार तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. दोन कणांमधली फट त्यांना गावच्या वेशीएवढी मोठी आहे. माती अडकते, काडीकचरा अडकतो, पण जिवाणू बरेचसे निघून जातात.

बाई नुसतं चूक दाखवून गेल्या नाहीत. त्यांनी तपासायचा मार्ग सांगितला. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण मिळतं. आपल्या गटातल्या ताईंनीही ते घेतलंय आणि त्यांच्या संचात जिवाणू तपासायच्या छोट्या बाटल्या आहेत. ही तपासणी आपल्याच देशातल्या मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी १९८२ साली मांडली. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं, हलवायचं आणि उबदार जागी ठेवून द्यायचं. विष्ठेतले जिवाणू असतील तर त्यांच्यासोबतचे काही जिवाणू एक वायू तयार करतात आणि बाटलीतलं पाणी काळं पडतं. त्यासाठी २४ ते ४८ तास थांबावं लागतं. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, नाहीतर आपल्याच हाताची घाण तपासली जाते.

बाईंनी आणखी एक अट घातली, की एक बाटली भरून काही कळत नाही. म्हणून ताईंनी आणि मुलींनी मिळून सहा बाटल्या भरल्या. दोन थेट विहिरीच्या पाण्याच्या, दोन त्याच पाण्याच्या पण गाळणीतून काढलेल्या, आणि दोन तेच पाणी खळाखळा उकळून झाकून गार केलेल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी आणि वेळ लिहिली.

शुक्रवारी दुपारी विहिरीच्या दोन्ही बाटल्या काळ्याभोर झाल्या होत्या. गाळणीच्या दोन्ही त्या वेळी करड्या होत्या, संध्याकाळपर्यंत त्याही काळ्या झाल्या. आज दुपारी ४८ तास पूर्ण झाले. उकळलेल्या पाण्याच्या दोन्ही बाटल्या होत्या तशाच आहेत. सहाही बाटल्या टेबलावर मांडून ठेवल्यात. जाताना जरूर बघा, फक्त उघडू नका. नंतर त्यांत ब्लिचिंग पावडर टाकून त्या लांब खड्ड्यात पुरायच्या आहेत.

एवढ्यावरून गाळणीच्या पाण्यात जिवाणू किती कमी झाले ते सांगता येत नाही. ही बाटली मोजत नाही, ती फक्त धोका आहे की नाही याचा इशारा देते. कधीकधी दुसऱ्या जिवाणूंनीही ती काळी पडते. आणि बाटली काळी पडली नाही म्हणजे पाण्यात क्षार किंवा फ्लोराईड नाही, असंही होत नाही. हेही बाईंनीच मुलींच्या वहीत लिहून घेतलं.

दुसरे आभार आरोग्य केंद्रातल्या प्रयोगशाळेच्या सरांचे. त्यांचा शेरा सगळ्यात कडक होता. मुलींनी तक्त्यावर लिहिलं होतं, की ही गाळणी नळाच्या पाण्यालाही वापरा. सरांनी त्या ओळीखाली पेनाने रेघ ओढली आणि म्हणाले, “हे आधी पुसा. यामुळे चांगलं पाणी बिघडेल.”

हे ऐकून मुलींपैकी एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी मुलींनाच करून बघायला लावलं. टाकीत टीसीएल पडल्यावर नळाच्या पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक असतो. तो घरच्या हंड्यात, घागरीतसुद्धा पाण्याची राखण करतो. ओटी टेस्टचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, तो हाच क्लोरीन. मुलींनी नळाच्या पाण्यात थेंब टाकले, पिवळा रंग आला. तेच पाणी गाळणीतून काढून पुन्हा थेंब टाकले, तर रंग दिसेल न दिसेल इतका फिकट. कोळशाने क्लोरीन काढून टाकला होता. म्हणजे राखणदार दारातच गेला आणि पाणी उघडं पडलं. शिवाय तोच ओला कोळसा महिनोन्‌महिने बदलला नाही, तर त्याच्यावरच जिवाणू वाढतात. (ज्या पाण्यात ते थेंब टाकले ते पाणी प्यायचं नसतं, ओतून द्यायचं. हे मी आपल्या सगळ्यांसाठी सांगतेय.)

मावश्यांनो, हे सरांनी सांगितलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार करा. पंचवीस घरांमध्ये आपण ‘शुद्ध पाणी’ म्हणून हा संच दिला असता. ज्या घरात तान्हं बाळ आहे, तिथल्या आईने उकळणं बंद केलं असतं, कारण पाणी आता नितळ दिसतंय. पावसाळ्यात पहिला जुलाब त्याच घरात लागला असता, आणि विकणारा गट आपला असता.

तिसरे आभार पाणीपुरवठ्याच्या अभियंता मॅडमचे. पहिल्या दोघांचं ऐकून मुलींनी माठ उचलून ठेवायची तयारी केली होती. मॅडमनी ते माठ पुन्हा मांडायला लावले. त्या म्हणाल्या, “गाळणी वाईट नाही. तिची जागा चुकली आहे.”

गढूळ पाण्यात क्लोरीन टाकला तर त्यातला बराचसा माती आणि कचऱ्यावरच खर्च होतो, आणि मातीच्या कणांच्या आडोशाला जिवाणू वाचतात. म्हणून आधी गाळायचं आणि क्लोरीन नंतर. मळ्यातल्या विहिरीचं पाणी प्यावंच लागत असेल तर ते वाळूतून गाळावं, दुसऱ्या भांड्यात घ्यावं, आणि मग उकळावं किंवा आशाताई देतात ते क्लोरीनचं औषध बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाकून अर्धा तास झाकून ठेवावं. त्यानंतर ते परत कोळशातून काढायचं नाही. नळाचं पाणी या माठात घालायचंच नाही.

मॅडमनी हेही सांगितलं, की जिवाणूसुद्धा बऱ्याच प्रमाणात अडवणारी वाळूची गाळणी असते. पण तिला बारीक वाळूचा हातभर जाड थर लागतो, पाणी अगदी संथ उतरावं लागतं आणि वाळू कायम ओली राहावी लागते. मग काही आठवड्यांनी वरच्या भागात एक चिकट सजीव थर तयार होतो, आणि मुख्य काम तो थर करतो. आपल्या माठातून पाणी काही मिनिटांत खाली येतं आणि दोन दिवसांनी वाळू धुतली जाते. तिथे तो थर तयारच होत नाही.

या तीन परीक्षकांनी मिळून गाळणीला दुसरा क्रमांक दिला. पहिला का नाही, तेही त्यांनी अर्धं पान लिहून मुलींच्या हातात दिलं. मला वाटतं, प्रशस्तिपत्राला चौकट करतो तशी त्या अर्ध्या पानाला करावी. मुलींनी कालच तक्ता बदललाय. आता त्यावर लिहिलंय, ‘गढूळ पाणी नितळ करण्याची पहिली पायरी’, आणि खाली लाल अक्षरात, ‘हे पाणी असंच पिऊ नका’.

आणि आपल्या गटाचं? सोमवारचा कर्जाचा ठराव गटाने स्वतःच मागे घेतलाय. त्याऐवजी बैठकीत हा विषय आहे, की मजूर बायका जिथलं पाणी पितात त्या चार विहिरींचं पाणी त्या मुलींना बरोबर घेऊन तपासायचं. बाटल्या पुरतील का, एवढंच बघायचं राहिलंय. प्रयोगशाळेच्या सरांना विनंती आहे, की निकाल बघायला अर्धा तास काढून यावं. यंदासारखंच कडक बोला, आम्ही वही घेऊन बसू.

बाई, सर, मॅडम, तुम्हा तिघांचे महासंघातर्फे मनापासून आभार. मुली आता चहा घेऊन येतायत. चहाचं पाणी उकळलेलं आहे, त्यामुळे निर्धास्त घ्या.