परवा म्हणजे कधी?

(मंडळाच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



चवथीची धावपळ सुरू झाली की आपले निम्मे काम व्हॉट्सॲपवर होते. तिथे ते शोभतेही. घोटाळा होतो तो तोच मजकूर उचलून बाहेरच्या कार्यालयाला ईमेल केला की. २०२३ साली आम्ही नेमके तेच केले.

कीर्तनकार बुवा पुण्याहून विमानाने डिचोलीला यायचे होते. मंगळवारी, १९ सप्टेंबरला, म्हणजे ऐन चवथीला, आमच्या ग्रुपवर निरोप पडला: "परवा बुवा येतायत. गाडी मागच्यासारखीच एअरपोर्टवर. पेटी आहे, मोठी बघा." आम्हा सगळ्यांना तो कळला. म्हणून तसाच्या तसा गाडीवाल्यांना ईमेल करून आम्ही आरतीला गेलो.

चवथीमुळे त्यांचे कार्यालय बंद. ईमेल उघडला बुधवारी, तेव्हा वाचणाऱ्याचा 'परवा' शुक्रवारी गेला. मागच्या खेपेस आमची गाडी दाबोळीला गेली होती, कारण पेडणे तालुक्यातल्या मोपाच्या विमानतळावरून प्रवासी विमाने सुरू झाली ती जानेवारी २०२३ मध्ये. त्याने दाबोळी लिहून घेतले. पेटी म्हणजे त्याला कपड्यांची वाटली. गुरुवारी बुवा हार्मोनियम घेऊन मोपाला उतरले आणि न्यायला कोणीच नाही! त्या माणसाची चूक कुठे होती, सांगा.

नंतर आम्ही तो निरोप पुढ्यात घेऊन बसलो आणि दुसऱ्या कशाच्या तरी आधारावर उभा असलेला एकेक शब्द शोधला. 'परवा'ला निरोपाच्या दिवसाचा आधार, 'मागच्यासारखीच'ला आमच्या आठवणीचा. मग असे लिहिले:

विषय: गाडी हवी – गुरुवार, २१ सप्टेंबर २०२३, मोपा ते डिचोली

"नमस्कार. आमच्या गणेशोत्सवासाठी एक कीर्तनकार व दोन साथीदार पुण्याहून विमानाने येत आहेत. गुरुवार, २१ सप्टेंबर रोजी सकाळी ११.४० वाजता ते मोपा विमानतळावर (दाबोळी नव्हे) उतरतील. तिघे प्रवासी, त्यांच्या बॅगा आणि एक हार्मोनियम मावेल अशी गाडी हवी. त्यांना डिचोलीत मंडळाच्या मंडपाजवळ सोडायचे आहे. भाडे मंडळ देईल. गाडी मिळेल की नाही, ते बुधवारी संध्याकाळी ५ पर्यंत कळवावे."

खाली विमानाचा क्रमांक, पाठवणाऱ्याचे पूर्ण नाव आणि दोन फोन. दोन अशासाठी, की आरतीच्या वेळी आपल्यातला एक तरी फोन उचलत नाही.

'दाबोळी नव्हे' हे दोन शब्द कोणाला फाजील वाटतील. पण जिथे चुकीचा अर्थ आधीपासून वाचणाऱ्याच्या डोक्यात बसलेला असतो, तिथे तो नाव घेऊनच काढावा लागतो. उलट बुवांना कोणी सुचवले, मानधन किती ठरले, हे सारे ग्रुपवर होते. गाडीवाल्याला त्याचा उपयोग नाही, म्हणून गाळले. चॅटचा फोटो जोडून भागत नाही, त्यातही 'परवा'च असतो.

आता असा ईमेल पाठवण्याआधी आम्ही तो ग्रुपवर नसलेल्या घरच्या माणसाला वाचायला देतो. त्याने "कोणते एअरपोर्ट?" असे विचारले, की ते नाव ईमेलमध्ये घालतो आणि पुन्हा वाचायला देतो.